मोटर ओडी क्लेम: नवी मंजुरी मर्यादा आणि एस्कलेशनचा मार्ग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंजुरीच्या मर्यादा बदलल्याचं परिपत्रक निघाल्यापासून ब्रँच आणि हबमधून सारखे प्रश्न येत आहेत. बरेचसे एकसारखेच आहेत, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांचे शब्द शक्यतो तुमचेच ठेवले आहेत. हे पान फक्त मोटर ओन डॅमेज, म्हणजे ओडी क्लेमसाठी आहे.

प्र. 1. नेमकं काय बदललं? थोडक्यात सांगा.

ब्रँच क्लेम एक्झिक्युटिव्हची मर्यादा 50,000 रुपये होती, ती 1,00,000 झाली. हब क्लेम मॅनेजरची 2,00,000 वरून 3,00,000 झाली. रिजनल क्लेम हेडची 7,50,000 वरून 10,00,000 झाली. त्यापुढचं सगळं हेड ऑफिसच्या क्लेम कमिटीकडे जाईल.

दुसरा बदल मार्गाचा आहे. आतापर्यंत अडलेला क्लेम कुणी मॅनेजरला मेल करायचं, कुणी थेट रिजनलला फोन लावायचं. आता रेफरल फक्त सिस्टीममधूनच जाईल आणि एका वेळी एकच पायरी चढेल. काही प्रकार मात्र रक्कम कितीही असली तरी थेट ठरलेल्या पायरीवर जातात. ते प्र. 10 आणि 11 मध्ये आहेत.

प्र. 2. अपघात जुना आहे, सर्व्हे रिपोर्टही आधीच आला आहे. मर्यादा जुनी लागेल की नवी?

नवी. अपघाताची किंवा इंटिमेशनची तारीख बघायची नाही. मंजुरीची नोंद सिस्टीममध्ये ज्या दिवशी होते, त्या दिवशीची मर्यादा लागते. मॅनेजरकडे आधीच पाठवलेला 80,000चा क्लेम तिथे अजून उघडला नसेल, तर मॅनेजर तो तुमच्याकडे परत पाठवू शकतात. उघडून त्यावर शेरा मारला असेल, तर तो त्यांनीच निकाली काढायचा. एकाच फाइलचा निर्णय दोघांनी अर्धा अर्धा घ्यायचा नाही.

थर्ड पार्टीचे क्लेम लीगल हबकडे आहेत. त्यांना यातलं काहीही लागू नाही.

प्र. 3. मर्यादा कोणत्या आकड्याला लावायची? गॅरेजच्या एस्टिमेटला, सर्व्हेअरच्या असेसमेंटला की हातात पडणाऱ्या रकमेला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आकडा घ्यायचा असेस्ड रकमेचा. म्हणजे डेप्रिसिएशन वजा झाल्यावर, टोइंग धरून, पण सॅल्व्हेज आणि कंपल्सरी एक्सेस वजा करण्याच्या आधीची रक्कम. ग्राहकाला देय असलेली रक्कम नेहमी याहून कमी येते, पण मर्यादेसाठी ती धरायची नाही.

एक क्लेम आकड्यांसह पाहू. 1,197 सीसीची पेट्रोल गाडी, वय 2 वर्षं 4 महिने, झिरो डेप नाही, समोरून धडक.

बॉनेट, फेंडर, रेडिएटर सपोर्ट असे पत्र्याचे पार्ट 48,000. गाडी 2 ते 3 वर्षांमधली, म्हणून 15 टक्के डेप्रिसिएशन, उरले 40,800. बंपर, ग्रिल आणि लायनर हे प्लॅस्टिकचे पार्ट 22,000. त्यांना वय न बघता 50 टक्के, उरले 11,000. समोरची काच 9,000. काचेला डेप्रिसिएशन नाही. डेंटिंग-फिटिंगची लेबर 14,000. पेंटिंगचं एकत्रित बिल 16,000. त्यातले 25 टक्के, म्हणजे 4,000, मटेरियल धरायचे आणि फक्त त्यावर 50 टक्के कापायचे, उरले 14,000.

गॅरेजचं एस्टिमेट 1,09,000 होतं. डेप्रिसिएशननंतर 88,800 झाले. टोइंगचे 1,500 धरून असेस्ड रक्कम 90,300. हा क्लेम ब्रँच एक्झिक्युटिव्हच्या मर्यादेत बसतो. एस्टिमेट लाखाच्या वर आहे एवढ्याच कारणाने तो मॅनेजरकडे पाठवू नका. यातून पुढे सॅल्व्हेजचे 1,800 आणि एक्सेसचे 1,000 वजा होऊन ग्राहकाला 87,500 मिळतील, पण मर्यादेचा हिशेब 90,300 वरच थांबला.

सॅल्व्हेज आधी का वजा करायचं नाही? कारण मोडक्या पार्टची किंमत हा अंदाज असतो. असेस्ड रक्कम 1,01,200 आली आणि जुन्या बॉनेटचा भाव थोडा वाढवून लावला, की देय रक्कम सहज लाखाखाली येते. मग मंजुरी कोणी द्यायची हे भंगाराच्या भावावर ठरायला लागेल. मर्यादा ज्या आकड्याला लागते, तो आकडा असा हलवता येणारा नको.

झिरो डेप पॉलिसीत डेप्रिसिएशन कापलंच जात नाही. त्यामुळे वरच्याच गाडीचा आकडा 1,09,000 अधिक टोइंग, म्हणजे 1,10,500 होईल आणि क्लेम मॅनेजरकडे जाईल. तेव्हा ॲड-ऑन आधी तपासा, मर्यादा नंतर.

प्र. 4. माझी मर्यादा आता 1 लाख आहे. मग 1 लाखापर्यंत लायसन्सधारक सर्व्हेअर लावायची गरज नाही ना?

गरज आहे. मंजुरीची मर्यादा आमची अंतर्गत आहे. सर्व्हेअरची अट कायद्याची आहे: विमा कायद्याचं कलम 64यूएम आणि त्याखालचे आयआरडीएआयचे नियम. मोटरमध्ये नुकसान 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर परवानाधारक सर्व्हेअरचा रिपोर्ट हवाच.

आतापर्यंत ब्रँचची मर्यादा आणि सर्व्हेची अट हे दोन्ही आकडे 50,000च होते. त्यामुळे ‘माझ्या मर्यादेतलं मी फोटोवर करतो’ अशी सवय लागली आहे. ती सवय आता चुकीची ठरेल. 70,000चा क्लेम तुम्ही स्वतः मंजूर करू शकता, पण सर्व्हे रिपोर्ट हाती आल्यावरच. 50,000च्या आतल्या क्लेमना फोटो किंवा व्हिडिओवरून असेसमेंट पूर्वीसारखंच चालेल.

एस्टिमेट 48,000चं आहे आणि गाडी समोरून ठोकली आहे, तर सर्व्हेअर पहिल्याच दिवशी नेमा. गाडी खोलल्यावर आकडा 50,000च्या वर गेला, की अर्धं काम झालेल्या गाडीचा सर्व्हे करण्याची पाळी येते. तोपर्यंत तुटलेले पार्ट गॅरेजच्या भंगारात गेलेले असतात.

प्र. 5. माझ्या मर्यादेत मंजूर केलेल्या क्लेमवर सप्लिमेंटरी एस्टिमेट आलं. सप्लिमेंटरी फक्त 19,500ची आहे. ती मीच मंजूर करू ना?

मूळ आणि सप्लिमेंटरी मिळून होणारी बेरीज तुमच्या मर्यादेत असेल, तर करा. नसेल तर पूर्ण फाइल वर पाठवा.

प्र. 3 मधलीच गाडी घ्या. मंजुरी 90,300ची झाली आणि कॅशलेसची डिलिव्हरी ऑर्डर गॅरेजला गेली. बंपर काढल्यावर दिसलं, की एसी कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही दाबले गेले आहेत. पार्ट 20,000चे, 15 टक्के कापून 17,000. लेबर 2,500. सप्लिमेंटरीची असेस्ड रक्कम 19,500, आणि एकूण 1,09,800. आता हा मॅनेजरचा क्लेम आहे. मॅनेजर फक्त 19,500 वर सही करणार नाहीत. ते आधीच्या 90,300 सह पूर्ण क्लेम पाहतील आणि एकूण रकमेला मंजुरी देतील.

सिस्टीममध्ये इथे एक फसवी जागा आहे. सप्लिमेंटरीच्या स्क्रीनवर ‘या नोंदीची रक्कम’ मोठ्या अक्षरात दिसते आणि ‘क्लेमची एकूण रक्कम’ खालच्या ओळीत असते. घाईत वरचाच आकडा वाचला जातो. मंजुरीचं बटण दाबण्याआधी खालची ओळ वाचा.

सप्लिमेंटरी वर गेली म्हणून गॅरेजला काम थांबवायला सांगू नका. जे काम आधी मंजूर झालं आहे ते चालू राहू द्या. फक्त नवीन पार्टची ऑर्डर मॅनेजरची मंजुरी येईपर्यंत थांबवायला सांगा.

प्र. 6. गाडीला पुढे आणि मागे असे दोन मार आहेत. दोन क्लेम केले तर दोन्ही माझ्या मर्यादेत बसतात. चालेल का?

घटना एक असेल तर क्लेम एकच. मागून ट्रकने धडक दिली आणि त्या धक्क्याने गाडी पुढच्या गाडीवर आदळली, तर ती एकच घटना आहे आणि दोन्ही बाजूंची बेरीज धरायची.

मागचा मार महिन्याभरापूर्वीचा आणि पुढचा आजचा असेल, तर ते खरोखरच दोन क्लेम आहेत. दोन इंटिमेशन, दोन क्लेम फॉर्म, दोन वेळा एक्सेस, आणि मर्यादाही प्रत्येकाला वेगळी. जुन्या ओरखड्यातला गंज आणि मारावर बसलेली धूळ यांवरून सर्व्हेअरला हे बहुधा ओळखता येतं. त्याचं मत रिपोर्टमध्ये लिहून घ्या. मर्यादेत बसवण्यासाठी क्लेम फोडलेला आढळला, तर ऑडिटमध्ये ती गंभीर नोंद होते. मग फाइलमधलं बाकी सगळं बरोबर असलं तरी उपयोग नाही.

प्र. 7. रेफरल नोट किती लिहायची? मागच्या वेळी ‘कृपया मंजुरी द्यावी’ एवढं लिहिलं तर परत आलं.

वरच्या माणसाला सर्व्हे रिपोर्ट दिसतोच, तो नोटमध्ये पुन्हा उतरवू नका. नोटमध्ये चार गोष्टी हव्यात: वर का पाठवत आहात, असेस्ड रक्कम कशी आली, तुमची स्वतःची शिफारस काय, आणि कोणती शंका उरली आहे. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक नोटमध्ये नसतात आणि फाइल त्यामुळेच परत येते.

प्र. 5 मधल्या क्लेमची नोट अशी असेल:

‘मूळ मंजुरी 90,300. सप्लिमेंटरी 19,500, एकूण 1,09,800, ब्रँच मर्यादेबाहेर. कंडेन्सर आणि रेडिएटरचा मार बंपर काढल्यावर दिसला. सर्व्हेअरने गाडी खोललेल्या अवस्थेत पुन्हा पाहिली, फोटो 14 ते 19. माराची दिशा मूळ धडकेशी जुळते. लायसन्स, आरसी आणि पॉलिसी तपासली, अडचण नाही. पूर्ण रकमेची शिफारस. शंका: रेडिएटर बदलण्याऐवजी दुरुस्त होईल का, यावर सर्व्हेअरने बदली सुचवली आहे, मीही सहमत.’

एवढं पुरेसं आहे. हे वाचून मॅनेजर फोटो 14 उघडतील आणि निर्णय देतील.

प्र. 8. वर पाठवल्यावर उत्तर किती दिवसांत यायला हवं? नाही आलं तर मंजूर समजायचं का?

उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असं कधीही समजू नका.

मॅनेजरसाठी 1 कामाचा दिवस आहे, रिजनल हेडसाठी 2, आणि कमिटीसाठी 3. वेळ संपली की सिस्टीम फाइल त्याच पायरीवरच्या पर्यायी अधिकाऱ्याकडे वळवते. फाइल आपोआप वरच्या पायरीवर जात नाही.

ही मुदत आयआरडीएआयच्या 2024च्या नियमांतून मागे मोजून ठरवली आहे. सर्व्हे रिपोर्ट हाती आल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. ते 7 दिवस सुट्टी धरून चालतात. त्यामुळे कमिटीकडे जाणारा क्लेम तुमच्या टेबलावर दोन-तीन दिवस पडून राहिला, तर वरच्या तिघांनी वेळ पाळूनही मुदत हुकते. आकडा मर्यादेबाहेर आहे हे रिपोर्ट उघडताच कळतं, तेव्हा अशी फाइल त्याच दिवशी पाठवा. उशिरा दिलेल्या रकमेवर बँक रेट अधिक 2 टक्के व्याज द्यावं लागतं.

प्र. 9. मॅनेजर रजेवर आहेत. शनिवारी संध्याकाळी ग्राहक गॅरेजमध्ये गाडी न्यायला उभा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरी घेतली तर चालेल का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅप, फोन किंवा मेल यावरची परवानगी ही मंजुरी धरली जाणार नाही. मॅनेजरने मोबाइलवरून सिस्टीममध्ये नोंद केली तर ती चालते, कारण तिथे कोणी आणि कधी मंजुरी दिली हे राहतं.

रजेवर जाणाऱ्याने आपला पर्यायी अधिकारी सिस्टीममध्ये आधी नेमायचा आहे, आणि तो त्याच पायरीवरचा किंवा वरचा हवा. मॅनेजर आपल्या एक्झिक्युटिव्हला स्वतःचा अधिकार देऊ शकत नाहीत. लॉगिन देणं तर कोणत्याच परिस्थितीत नाही. ज्याचं लॉगिन, त्याची सही असंच धरलं जाईल.

शनिवारच्या प्रसंगाचं मूळ बहुधा आदल्या दोन दिवसांत असतं. गॅरेजचं फायनल बिल सप्लिमेंटरीपेक्षा जास्त येतं आणि ते गाडी धुऊन तयार झाल्यावरच आपल्याला कळतं. म्हणून गॅरेजला सांगून ठेवा, की प्रोफॉर्मा बिल डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हवं. तरीही अडलंच, तर हबचा शनिवारचा ड्युटी अधिकारी 3,00,000 पर्यंत मंजुरी देऊ शकतो. त्याचं नाव दर शुक्रवारी सिस्टीमच्या पहिल्या पानावर लागतं.

प्र. 10. रक्कम माझ्या मर्यादेत आहे, तरीही वर पाठवायलाच हवेत असे क्लेम कोणते?

चोरीचे क्लेम रिजनल हेडकडे जातील. एफआयआर, दोन्ही किल्ल्या आणि गाडीचा शोध न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल यांच्यासह पाठवा. अहवाल यायचा असेल तर फाइल थांबवू नका. जे आहे ते पाठवा आणि काय बाकी आहे ते लिहा.

नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अटीचा भंग झाला म्हणून 75 टक्क्यांपर्यंत सेटल करायचे क्लेम एक पायरी वर जातील: ब्रँचचा मॅनेजरकडे, मॅनेजरचा रिजनलकडे. खासगी गाडी भाड्याने चालवणं किंवा क्षमतेपेक्षा जास्त माल भरणं ही नेहमीची उदाहरणं. इथे पायरी कापण्याआधीच्या पूर्ण रकमेवर ठरवायची. 1,20,000च्या 75 टक्के 90,000 होतात म्हणून तो ब्रँचचा क्लेम होत नाही. मर्यादेने तो मॅनेजरचा, आणि नॉन-स्टँडर्ड असल्याने रिजनलचा.

पावसाळ्यात पाण्यात अडकलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला आणि इंजिन बसलं, असा क्लेम इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसेल तर मॅनेजरकडे पाठवा. गाडीत पाणी शिरल्याचं नुकसान आणि नंतर स्टार्टर मारल्याने झालेलं नुकसान वेगळं करणं अवघड असतं. सर्व्हेअरकडून या दोन्हींचं असेसमेंट स्वतंत्र मागा. अंतर्गत सफाई, वायरिंग आणि सीट यांचे पैसे या वादात अडकता कामा नयेत.

संशयाचा क्लेम तपासासाठी पाठवायचा असेल, तर मॅनेजरची मंजुरी लागेल. गाडी तुमच्या नातेवाइकाची, सहकाऱ्याची किंवा स्वतःची असेल, तर फाइल न उघडता मॅनेजरला कळवा.

एक गोष्ट मात्र विनाकारण वर येते आहे. एलएमव्ही लायसन्सवर चालवलेला छोटा मालवाहू टेम्पो, ज्याचं ग्रॉस वजन 7,500 किलोच्या आत आहे, तो लायसन्सचा भंग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बाकी सगळं ठीक असेल तर तो साधा क्लेम म्हणून मंजूर करा.

प्र. 11. गाडी टोटल लॉस होते आहे, पण आयडीव्ही 2,80,000च आहे. मॅनेजर मंजूर करतील ना?

नाही. टोटल लॉस आणि कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे सीटीएल, किमान रिजनल हेडकडे जातील. मर्यादेसाठी मोडक्या गाडीची किंमत वजा न करता पूर्ण आयडीव्ही धरायची. त्यामुळे 12,00,000 आयडीव्हीच्या गाडीला मोडक्या अवस्थेत 4,00,000 भाव आला तरी क्लेम कमिटीकडेच जाईल.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की सीटीएल. 2,80,000चे 75 टक्के 2,10,000. अडचण येते ती 1,95,000 ते 2,10,000 च्या पट्ट्यात. कागदावर गाडी दुरुस्तीची असते, पण खोलल्यावर चेसिसचा वाक दिसतो आणि आकडा ओलांडला जातो. तोवर गॅरेजने पार्ट मागवलेले असतात. म्हणून एस्टिमेट आयडीव्हीच्या 60 टक्क्यांवर गेलं की रिजनलला आगाऊ सूचना द्या आणि डिलिव्हरी ऑर्डर काढण्याआधी गाडी खोलून सर्व्हे करून घ्या. आगाऊ सूचना म्हणजे रेफरल नव्हे. फाइल तुमच्याकडेच राहते.

प्र. 12. क्लेम नामंजूर करायचा आहे. रक्कम 30,000. मी करू शकतो का?

नाही. नामंजुरीचा अधिकार ब्रँच, हब किंवा रिजनल यांपैकी कोणालाही एकट्याने नाही. प्रत्येक नामंजुरी हेड ऑफिसच्या कमिटीकडे जाईल, रक्कम 3,000 असली तरी. मधल्या दोन्ही पायऱ्या फक्त आपलं मत लिहितील.

कागदपत्रं आली नाहीत एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही. 2024च्या मास्टर सर्क्युलरमध्ये हे स्पष्ट आहे. असे प्रस्ताव पाठवू नका, परतच येतील. इंटिमेशनला उशीर झाला एवढंच कारण असेल, तर उशिराने नेमकं काय बिघडलं ते लिहा: सर्व्हे करता आला नाही का, पार्ट बदलले गेले का. उशिराचं रास्त कारण असेल आणि नुकसान खरं असेल, तर केवळ उशीर हे नामंजुरीचं कारण होऊ शकत नाही.

काही पार्ट वगळून क्लेम मंजूर करणं ही नामंजुरी नाही. जुन्या माराचा मागचा दरवाजा वगळला, तर ते तुमच्या मर्यादेत तुम्ही करू शकता. फक्त कारण मंजुरीच्या पत्रात पार्टच्या नावासह यायला हवं.

प्र. 13. सर्व्हेअरचा आकडा मला पटत नाही. मी कमी-जास्त करू शकतो का?

कलम 64यूएम कंपनीला सर्व्हेअरच्या असेसमेंटपेक्षा वेगळी रक्कम द्यायचा हक्क देतं, पण त्याची कारणं लेखी हवीत. बेरजेतली चूक किंवा डेप्रिसिएशनचा चुकीचा दर असेल, तर सर्व्हेअरकडून दुरुस्त रिपोर्ट घ्या आणि मंजुरी द्या. मत वेगळं असेल, म्हणजे तो बदली म्हणतो आणि तुम्ही दुरुस्ती, तर निर्णय मॅनेजरचा. इथे मर्यादेसाठी सर्व्हेअरचा आणि तुमचा यांतला मोठा आकडा धरायचा.

प्र. 14. चुकून मर्यादेबाहेरची मंजुरी दिली गेली. आता काय?

त्याच दिवशी ‘कार्योत्तर मंजुरी’ हा प्रकार निवडून रेफरल पाठवा. नोंद मागे घेऊन पुन्हा टाकण्याचा प्रयत्न करू नका. त्याने तारखा बिघडतात आणि चुकीपेक्षा लपवाछपवीच दिसते. पेमेंट गेलं नसेल तर ते थांबवा. डिलिव्हरी ऑर्डर गेली असेल तर ती कंपनीची बांधिलकी आहे. वरच्या अधिकाऱ्याने नंतर रक्कम कमी ठरवली, तरी फरक ग्राहकाकडून मागायचा नाही.

स्वतःहून कळवलेली चूक आणि ऑडिटने काढलेली चूक यांना एकसारखं वागवलं जाणार नाही.

प्र. 15. लोकपाल किंवा ग्राहक आयोगाचा आदेश आला आहे. रक्कम माझ्या मर्यादेत आहे, देऊन टाकू का?

आदेशाची रक्कम देण्याचा निर्णय लीगल आणि रिजनल हेड मिळून घेतात, कारण आदेशाला आव्हान द्यायचं की नाही हे आधी ठरवावं लागतं. तुमचं काम आदेश मिळाल्याच दिवशी स्कॅन करून पाठवणं, आणि त्यावर मिळाल्याची तारीख लिहिणं. मुदत मोजताना ती तारीख लागते. तक्रार अजून लोकपालांकडे प्रलंबित असेल आणि ग्राहक तडजोडीला तयार असेल, तर प्रस्ताव मॅनेजरमार्फत पाठवा.

प्र. 16. ग्राहक विचारतो ‘साहेब, वर का पाठवलं?’ त्याला काय सांगायचं?

खरं ते सांगा: ‘तुमच्या क्लेमची रक्कम माझ्या मंजुरीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. फाइल आज हब मॅनेजरकडे गेली आहे, अमुक तारखेपर्यंत निर्णय कळेल.’ तारीख प्र. 8 मधल्या मुदतीवरून काढा. ‘वरून मंजुरी येऊन जाईल’ असं आश्वासन देऊ नका. आणि आपली शिफारस किती रकमेची आहे हेही सांगू नका, कारण वर आकडा बदलला तर ग्राहकाच्या मनात तुमचाच आकडा राहतो. डीलर किंवा एजंटने फोन केला, तर त्यालाही हेच उत्तर. अंतर्गत नोटचा फोटो कोणालाही पाठवायचा नाही.